दहावीची फी आणि वेळ बदलताना पालकांना पाठवलेला मेसेज: माझा अनुभव

मी बेळगावात वडगावला राहते आणि आठवी ते दहावीच्या मुलांना गणित-विज्ञान ऑनलाइन शिकवते. मुलं येळ्ळूर, उचगाव, खानापूर अशी चहूकडची, बहुतेक मराठी माध्यमाची. फी वाढवायची वेळ आली की माझ्या पोटात गोळा येतो, कारण या घरांची मिळकत मला माहीत आहे. त्यातून गेल्या वर्षी मी त्या मेसेजमध्ये अशा चुका केल्या, की महिनाभर खुलासे करत बसावं लागलं.

तेव्हा मे महिन्याच्या 29 तारखेला सगळ्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं होतं: ‘वाढती महागाई लक्षात घेता जूनपासून फी 500 ऐवजी 600 राहील. बॅच 7 ते 8.’ त्याच्या वर मुलांच्या प्रगतीबद्दल दहा ओळी होत्या. मेसेज लांब झाला की व्हॉट्सॲप तो मधेच दुमडतं आणि पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. नवी वेळ त्या घडीच्या खाली गेली. ज्यांनी ती वाचली, त्यातली एक मुलगी पहाटे उठून, केस विंचरून सात वाजता लिंक उघडून बसली. मी संध्याकाळचे सात म्हणत होते. तासभर वाट बघून तिनं मला फोन केला, तेव्हा काय बोलावं मला सुचेना.

फीचा घोळ त्याहून मोठा होता. आमच्याकडे निम्मे पालक महिना सुरू होताना पैसे देतात आणि निम्मे महिना संपल्यावर. ‘जूनपासून 600’ म्हटल्यावर, मेची फी जूनच्या 3 तारखेला देणाऱ्यांनीही 600 पाठवले. एका आजोबांनी विचारलं, ‘टीचर, मेचा वर्ग तर 500चाच होता की?’ त्यांचं बरोबर होतं. सहा जणांचे शंभर-शंभर रुपये मी परत पाठवले. शिवाय ग्रुपवर एका आईनं ‘आम्हाला जड जाईल’ लिहिलं, त्याखाली कोणी अंगठा दिला, कोणी गप्प राहिलं, आणि त्या बाई पुढे आठ दिवस माझा फोन घेईनात. चारचौघांत पैशाची अडचण बोलावी लागली, याचं त्यांना वाईट वाटलं होतं.

यंदा दहावीच्या वर्गात 22 मुलं झाली. एवढ्यांच्या वह्या कॅमेऱ्यासमोर धरून तपासता येत नाहीत. समीकरण सोडवताना चिन्ह कुठं चुकलं ते बघायला एकेकाला दोन मिनिटं दिली तरी तास संपतो. म्हणून 11-11च्या दोन बॅच करायच्या ठरवल्या. हिशोब वहीत मांडला. एक बॅच असताना महिन्याचे साधारण 22 तास आणि 600 प्रमाणे 13,200 रुपये. दोन बॅचचे 44 तास, आणि 750 केले तर 16,500. माझे तास दुप्पट होतात, पालकांवर बोजा पाव पटीनं वाढतो. हेच खरं कारण होतं, म्हणून महागाईचा शब्दही लिहायचा नाही असं ठरवलं. आठवी-नववीच्या बॅच तशाच राहणार होत्या, तेव्हा त्यांची फीही तशीच ठेवली.

वेळ ठरवण्याआधी मात्र मी प्रत्येक घरी फोन केला. ‘कोणती वेळ सोयीची’ असं विचारलं की सगळे ‘तुम्ही म्हणाल ती’ म्हणतात. म्हणून विचारलं, ‘घरात फोन कधी असतो?’ आणि घरोघरचा दिवस उलगडत गेला. बऱ्याच घरी चांगला फोन एकच, तोही वडिलांचा. डेअरीला दूध घालायला जाताना तो त्यांच्या खिशात असतो. शेतातल्या मोटारीची लाइट रात्री आली की फोन त्यांच्याबरोबर शेतात जातो, बॅटरी म्हणूनही तोच लागतो. एका मुलाचे बाबा उद्यमबागला फौंड्रीत आहेत. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. त्यामुळे तो मुलगा दर दुसऱ्या आठवड्याला गैरहजर का असतो, हे मला वर्षभरानंतर कळलं. त्याच्या वहीवर मी ‘नियमित बसत जा’ असं लाल शाईनं लिहिलं होतं.

त्या फोनांवरून दोन वेळा निघाल्या: सकाळी 6 आणि रात्री 7:45. तास 55 मिनिटांचाच ठेवला, कारण फुकटच्या गूगल मीटवर तीन किंवा त्याहून जास्त जण असले तर 60 मिनिटांनी कॉल बंद होतो.

मग मे महिन्याच्या 5 तारखेला फक्त दहावीच्या पालकांना हा मेसेज पाठवला:

‘नमस्कार. दहावीच्या वर्गाच्या दोन बॅच होत आहेत. सकाळी 6:00 ते 6:55 किंवा रात्री 7:45 ते 8:40, सोमवार ते शुक्रवार, जूनच्या पहिल्या वर्गापासून. दोन्हीकडे त्या दिवशी एकच धडा असेल. घरात फोन नसेल त्या दिवशी मुलानं दुसऱ्या बॅचला बसावं, विचारायची गरज नाही. एका बॅचमध्ये 11 मुलं असतील, म्हणजे रोज प्रत्येकाची वही बघता येईल. त्यासाठी माझे तास दुप्पट होतात, म्हणून जून महिन्याच्या वर्गाची फी 750 रुपये. मे महिन्याच्या वर्गाची फी 600च, ती जूनमध्ये दिली तरी 600च. पैसे महिन्याच्या सुरुवातीला द्या किंवा शेवटी, सोबत महिन्याचं नाव लिहा. 20 मेपर्यंत मला सकाळ किंवा रात्र एवढंच कळवा. फीबद्दल बोलायचं असेल तर दुपारी 2 ते 4 मध्ये फोन करा.’

हा ग्रुपवर टाकला नाही, ब्रॉडकास्ट लिस्टनं पाठवला, म्हणजे प्रत्येकाला तो एकट्याला आल्यासारखा दिसतो. यात एक खोच आहे. ज्यांच्या फोनमध्ये माझा नंबर सेव्ह नाही, त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही. मेसेज दाबून धरून त्याची माहिती उघडली की कुणाकुणाला पोचला ते दिसतं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर तीन नावं नव्हती. त्यांना वेगळा पाठवला. दोन घरी वाचणारं माणूस आजीच होती, तिथं तोच मजकूर माझ्या आवाजात रेकॉर्ड करून दिला.

20 तारखेपर्यंत 19 उत्तरं आली, त्यातली 13 ‘रात्र’. 11च्या हिशोबाला ते जास्त होते. शिफ्टवाल्या घरांना हात न लावता, ज्यांच्या घरी दोन फोन आहेत अशा दोघांना सकाळी यायची विनंती केली. उरलेल्या तिघांना मीच फोन लावले. एकीनं वर्ग सोडला, कारण तिला शाळेजवळच शिकवणी मिळाली होती.

दुपारच्या वेळेत चार फोन आले. उचगावकडचे एक काका म्हणाले, ‘टीचर, आता हातात काय नाही. रताळी काढली की देतो.’ मी म्हटलं, सप्टेंबरपर्यंत 600च द्या, दीडशेचा फरक चार महिन्यांचा 600 होतो, तो रताळी विकली की द्या. ते त्यांच्याच व्हॉट्सॲपवर लिहूनही पाठवलं, म्हणजे दोघांनाही आठवत बसायला नको. परवा त्यांचे पैसे आले. सोबत लिहिलं होतं: ‘जून ते सप्टेंबरचा फरक 600, ऑक्टोबर 750.’