हेअरलाइनचे पुरळ आणि आमचा ग्रूमिंग चेक

हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला काम करणाऱ्या मुलींचा अंबाडा कसा असावा, याचा आमच्याकडे तक्ता आहे. एकही केस उडता दिसता कामा नये, पुढून डोकं गुळगुळीत, मानेवर बट नाही. ब्रीफिंगला ड्यूटी मॅनेजर पुढून, बाजूने आणि मागून बघतात. मुंबईच्या दमट हवेत माझ्या कुरळ्या केसांनी हे नऊ तास पाळायचं तर पोमेडशिवाय गत्यंतर नाही, असं सगळ्याच सीनियर सांगायच्या. मीही रोज ते घट्ट, मेणासारखं पोमेड कपाळाच्या कडेला चोपून वरून जेल लावायचे.

काही महिन्यांनी कपाळावर केस सुरू होतात त्या रेषेत, दोन्ही कानशिलांपर्यंत बारीक पुरळ उठलं. लाल नव्हतं, दुखत नव्हतं. कातडीच्याच रंगाचे रवाळ दाणे. समोरून आरशात दिसायचे नाहीत, पण खिडकीच्या तिरप्या उजेडात सगळे उठून दिसायचे. आई म्हणाली, अंगात उष्णता झालीय, सब्जा घे. शिवाय डोक्याला खोबरेल चोळ म्हणाली, म्हणजे आगीत तेलच. बहिणीने केमिस्टकडून एक ट्यूब आणून ठेवली.

त्वचारोगतज्ज्ञांकडचा भाग पाच मिनिटांत आटोपला. डॉक्टरांनी दोन बोटांनी कपाळाची कातडी ताणून बघितली आणि विचारलं, केसांना काय लावता? गाल आणि हनुवटी स्वच्छ, पुरळ फक्त पोमेड लागतं त्या पट्ट्यात, यावरूनच त्यांना अंदाज आला होता की पोमेडच्या तेलाने रंध्रं बुजून हे पुरळ आलंय. खाज येते का, हेही विचारलं. मालासेझिया नावाच्या बुरशीने होणारं पुरळ असंच बारीक दिसतं, पण ते खाजतं आणि त्याचं औषध वेगळं असतं. माझं खाजत नव्हतं. बहिणीच्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड निघालं. ते लावलं की चार दिवस बरं वाटतं, मग नवं पुरळ येतं, असं म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवायला लावली.

औषध म्हणून ॲडापॅलीन ०.१ टक्के जेल दिलं. रात्री, मटारच्या दाण्याएवढं, आख्ख्या कपाळाला पातळ पसरून, सुरुवातीला एक दिवसाआड. एकेका दाण्यावर ठिपका ठेवायचा नाही. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर हे वापरायचं नाही, तेवढं आधी सांगा. पोमेड बंद केल्यावर साधारण ४ ते ६ आठवड्यांत फरक दिसायला लागतो आणि ॲडापॅलीनचा पूर्ण परिणाम बघायला १२ आठवडे द्यावे लागतात, हेही त्यांनी सांगितलं. सोपं होतं सगळं.

पण पोमेड बंद कसं करणार? दुसऱ्या दिवशी नुसत्या पाण्याने केस बसवून गेले तर ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, "मॅडम, हे काय, झोपेतून उठून आलात का?" वैद्यकीय कारण सांगितलं, तर चिठ्ठी आणा म्हणाले. चिठ्ठी दिली, तर म्हणाले की यात जेल लावू नका असं कुठे लिहिलंय? आणि खरंच नव्हतं लिहिलेलं, "तेलकट उत्पादनं टाळावीत" एवढंच होतं. एचआर म्हणाले मॅनेजरना विचारा, मॅनेजर म्हणाले तक्ता वरून येतो. कपाळ माझं होतं आणि निर्णय कोणाचाच नव्हता.

मग हलकं काहीतरी शोधायला दुकानात गेले, तर तिथे दुसराच वैताग. डबीवर पुढे मोठ्या अक्षरांत वॉटर बेस्ड, आणि मागे घटकांच्या यादीवरच आयातदाराचा स्टिकर चिकटवलेला. किंमत वाचता येते, पण आत काय आहे ते नाही. मी नखाने स्टिकर खरवडायला लागले तर काउंटरवरची मुलगी ओरडली. शेवटी तिनेच दुसरी, कोपरा सुटलेली डबी शोधून दिली. त्यात पाण्यानंतर लगेच लॅनोलिन आणि खोबरेल होतं! वॉटर बेस्डचा अर्थ पाण्याने धुऊन निघतं एवढाच, आत तेल नाही असा नव्हे. नॉन कॉमेडोजेनिक, म्हणजे रंध्रं न बुजवणारं, हाही शिक्का कुठली सरकारी चाचणी पास होऊन मिळत नाही, कंपनी स्वतःच छापते. पूर्वी हे ठरवायला सशाच्या कानावर प्रयोग व्हायचे, आणि ते माणसाच्या कातडीशी दरवेळी जुळतातच असं नाही. म्हणून मी पुढचं सोडून मागचं वाचते. यादीत जास्त प्रमाणातला घटक आधी येतो, त्यामुळे पहिली पाच-सहा नावं बघितली तरी पुरतं. लॅनोलिन, आयसोप्रोपिल मायरिस्टेट, कोको बटर, खोबरेल तिथे दिसलं की डबी परत शेल्फवर. पाणी, ग्लिसरीन, पीव्हीपी, कार्बोमर अशी पारदर्शक जेलची यादी असेल तर चालते.

तशी एक साधी जेल मिळाली आणि पुढची अडचण उभी राहिली. ती जास्त झाली की वाळून पांढरा भुगा पडतो, आणि काळ्या ब्लेझरच्या खांद्यावर तो कोंड्यासारखाच दिसतो. त्याबद्दलही शेरा मिळाला. आता जमलेली पद्धत अशी: केस ओले असतानाच विंचरून बांधायचे, शेंगदाण्याएवढी जेल तळहातावर चोळून कडेपासून बोटभर मागे लावायची आणि कंगव्याने मागेच ओढायची, कपाळाकडे आणायची नाही. मग मेकअप होईपर्यंत सुती ओढणी कपाळावरून घट्ट बांधून ठेवायची. ओढणी सोडली की केस तसेच बसलेले असतात. राहिलेल्या चार बटांसाठी मऊ टूथब्रशवर थोडा हेअरस्प्रे मारून तो ब्रश फिरवायचा, स्प्रे थेट डोक्यावर मारायचा नाही. अंबाडाही एक वेढा सैल घालते, कारण मुळं ओढली गेली तरी कडेला दुखरे दाणे येऊ शकतात.

याने ग्रूमिंग चेक पास होतो. दुपारी तीननंतर कानाजवळ दोन केस उठतात, पण तोवर मॅनेजर जेवायला गेलेले असतात.

पहिले दोन आठवडे ॲडापॅलीनने कपाळाची सालं निघाली आणि पुरळ होतं तसंच राहिलं. इथे बहुतेक जण औषध सोडतात, मलाही सोडावंसं वाटलं. दीड महिन्याच्या आसपास कानशिलं आधी साफ झाली, मधलं कपाळ बऱ्याच नंतर. नवे दाणे यायचे थांबले, ही खरी खूण. जुने उशिरा जातात. दिवसा सनस्क्रीन लावावंच लागतं, आणि तेही मागची यादी वाचूनच घेतलं.

लिहायचं राहिलं ते म्हणजे अंघोळीचा क्रम. शाम्पू, कंडिशनर, मग सगळ्यात शेवटी तोंड. कंडिशनर धुताना तो कपाळावरून ओघळतो, म्हणून आधी तोंड धुऊन उपयोग नाही. झोपायच्या आधी जेल धुऊन टाकायची. उशीचा अभ्रा आणि कंगवा गरम पाण्यात साबणाने धुतला, तेव्हा कंगव्याच्या दातांतून जुनं पोमेड काळ्या थरासारखं निघालं. स्कूटीच्या हेल्मेटचं अस्तरही सुटतं, तेही धुवा. आणि डॉक्टरांनी बेन्झॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉश दिला असेल तर टॉवेल पांढरा वापरा, माझ्या निळ्या टॉवेलवर नारिंगी डाग पडलेत.