‘बुडाली तर कुणाला धरावं?’

बँकेने दिलेल्या स्क्रिप्टमध्ये तीन प्रश्न होते. खात्यात किमान किती पैसे ठेवावे लागतात, व्याज किती मिळतं आणि पैसे सुरक्षित आहेत का. पहिल्यांदाच खातं काढणाऱ्यांसाठी पंचावन्न सेकंदांचा प्रश्नोत्तरांचा व्हिडिओ करायचा होता. प्रश्न गावातल्या बाईने विचारायचा, उत्तर शाखेतल्या मॅडमनी द्यायचं. शूटिंग अंबाजोगाई तालुक्यातल्या एका गावात, बचत गटाच्या बैठकीच्या खोलीत होतं.

प्रश्न विचारायला गटातल्या एक मावशी तयार झाल्या. पदराला कॉलर माइक लावला की तो घासून खरखरतो, म्हणून तो पोलक्याच्या गळ्याला लावला आणि पंखा बंद केला. भर एप्रिलमधली दुपार, त्यामुळे सगळ्यांची घामाने आंघोळ झाली. पहिले दोन प्रश्न मावशींनी जमवले. किमान शिलकीचं उत्तर सोपं होतं, कारण खातं साध्या बचत प्रकारातलं होतं. त्यात शून्य शिल्लक चालते आणि त्याबद्दल दंड नाही.

तिसऱ्या प्रश्नाला मॅडमनी पाठ केलेलं उत्तर दिलं, “तुमचा प्रत्येक पैसा आमच्याकडे शंभर टक्के सुरक्षित!” मावशींनी कॅमेरा चालू असतानाच मान हलवली.

“मल्टिस्टेटवाला बी असंच म्हनला होता. आन् बँकच बुडाली तर कुणाला धरावं?”

खोलीतल्या बायका हसल्या, पण ते हसू काही मोकळं नव्हतं. आमच्या भागात मल्टिस्टेट सोसायट्यांत अडकलेल्या ठेवी घरोघरी माहीत आहेत. मावशींचेही चाळीस हजार अडकलेले. दोन हंगामांच्या ऊसतोडीतून उरलेले.

मी टेक थांबवला. शंभर टक्के हे उत्तर चुकीचंही होतं. बँकेतली ठेव सुरक्षित असते ती एका मर्यादेपर्यंत. बँक पैसे देऊ शकली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या मालकीचं ठेव विमा महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेतलं मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंत देतं. 2020च्या फेब्रुवारीपर्यंत ही मर्यादा फक्त 1 लाख होती. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे वाटून ठेवले, तरी हिशेब एकत्रच होतो. बँक वेगळी असली तरच मर्यादा वेगळी.

मी तिथूनच बँकेच्या कम्प्लायन्सला, म्हणजे जाहिरात नियमात बसते का ते तपासणाऱ्या विभागाला, फोन लावला. “बुडाली” हा शब्द जाहिरातीत नको, असं ते म्हणाले. अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी ठरलं की प्रश्न मावशींच्या तोंडी जसाच्या तसा राहील आणि मॅडम तो शब्द उच्चारणार नाहीत. बारा सेकंदांत पंचवीसच्या आसपास शब्द निवांत बोलता येतात, त्यावर गेलं की मॅडमची आगगाडी व्हायची. सहा टेकनंतर उत्तर असं बसलं:

“बँकेला पैसे देणं जमलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाकडून मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत मिळतात. त्याचा हप्ता बँक भरते, तुम्ही नाही.”

“कधी मिळतेत? मी मेल्यावर?” मावशी.

हाही प्रश्न ठेवावा, असं मला वाटलं. 2021 साली कायद्यात दुरुस्ती झाली. रिझर्व्ह बँकेने एखाद्या बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध घातले, तर विम्याची रक्कम साधारण 90 दिवसांत द्यायची असते. आधी बँकेचं दिवाळं पूर्ण निघेपर्यंत लोकांना वर्षानुवर्षं थांबावं लागे.

पण सेकंद कुठून आणायचे? मी व्याजाचा प्रश्न कापला. बँकेच्या मार्केटिंगवाल्यांना ते रुचलं नाही, त्यांना नाण्यांची रास वाढतानाचं ॲनिमेशन हवं होतं. मी हिशेब मांडला. व्याज रोजच्या शिलकीवर मोजलं जातं हे खरं, पण अडीच टक्के दराने वर्षभर पडून राहिलेल्या हजार रुपयांवर पंचवीस रुपये होतात. तिमाहीला सहा रुपये आणि काही पैसे. त्यावर नाण्यांची रास दाखवली तर याच बायका आपल्याला हसतील. शेवटी व्याजाची एक ओळ सबटायटलमध्ये गेली. मोबाइलवर पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात, त्यामुळे सबटायटल तसंही ठळक हवंच होतं.

सामान आवरताना मावशींनी मॅडमना बाजूला घेतलं. त्यांच्या गळ्यातला माइक काढायचा राहिला होता, रेकॉर्डर चालू होता.

“बाई, माझे ते चाळीस हजार ह्या इम्यात येतेत का?”

मॅडम थोडा वेळ गप्प राहिल्या. “नाही मावशी. हा विमा बँकेतल्या ठेवींना आहे. मल्टिस्टेटला नाही, पतसंस्थेलाही नाही.”

“हे आधी कुनी सांगितलं न्हाई.”

त्या दोन वाक्यांसाठी मी पुन्हा कम्प्लायन्सला फोन केला. दुसऱ्या संस्थांबद्दल आपण बोलायचं नाही, असं उत्तर आलं. व्हिडिओ त्या वाक्यांविना गेला. क्लिप अजून माझ्या हार्ड डिस्कवर आहे, अठरा सेकंदांची.