वरच्या पदाचं काम आधी मागितलं

अकाउंट्समध्ये सीनियर एक्झिक्युटिव्ह म्हणून माझं रेटिंग दरवर्षी चांगलं यायचं, पण असिस्टंट मॅनेजरचं पद मिळत नव्हतं. म्हणून अप्रेझलची वाट न बघता मी मॅनेजरांकडे वेगळा वेळ मागितला. एचआरकडून दोन्ही पदांच्या लेखी अपेक्षा मागवून घेतल्या होत्या. त्या समोर ठेवून विचारलं, "सर, आज माझं नाव बढतीच्या कमिटीत गेलं तर कशावर अडेल?"

"तुझं काम चोख आहे, पण ते तुझ्या टेबलापुरतं आहे. दुसऱ्या विभागातलं कोणी तुझ्याबद्दल बोलू शकणार नाही," ते म्हणाले.

मग मी महिनाअखेरच्या क्लोजिंगची, म्हणजे महिन्याचे हिशेब बंद करण्याची, जबाबदारी मागितली. सगळ्या विभागांशी संबंध येणारं असं दुसरं काम आमच्याकडे नव्हतं. पण नुसतं जास्तीचं काम गळ्यात पडू नये म्हणून तीन गोष्टी मेलवर पक्क्या करून घेतल्या: क्लोजिंगचं वेळापत्रक मी ठरवणार, माझ्याकडचं व्हेंडर रिकन्सिलिएशन, म्हणजे पुरवठादारांच्या हिशेबाशी आपला हिशेब जुळवण्याचं काम, सहकाऱ्याकडे जाणार आणि दोन तिमाह्यांनी आढावा होणार. यातली दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जुनं काम सुटलं नाही, तर नवं काम रात्री बसूनच करावं लागतं.

तेव्हा हिशेबाची पुस्तकं आठव्या कामाच्या दिवशी बंद व्हायची. माल आलेला असायचा, माल मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएनही झालेली असायची, पण व्हेंडरचं बिल पोचलेलं नसायचं आणि त्याची वाट बघण्यात दिवस जायचे. मी दर 25 तारखेला बिल न आलेल्या जीआरएनची यादी काढून परचेसला पाठवू लागले. महिना संपताना जे उरेल, त्याची पीओच्या, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरच्या, दराने खर्चाची तरतूद करायची आणि पुढच्या महिन्याच्या 1 तारखेला ती उलटवायची. सेवांच्या बाबतीत हे अवघड गेलं, कारण तिथे जीआरएन नसते आणि किती काम झालं हे विभागप्रमुखालाच विचारावं लागतं. त्यांच्या मागे लागण्यात माझा बराच वेळ गेला, पण तिथेच माझी ओळखही झाली. हळूहळू क्लोजिंग पाचव्या दिवसावर आलं.

दर महिन्याला मी सरांना अर्ध्या पानाची नोंद पाठवायचे: आधी काय होतं, काय बदललं, कोणत्या विभागाने मान्य केलं. कमिटीत आपण नसतो, आपली बाजू मॅनेजरच मांडतात. त्यांच्या हातात वाचून दाखवता येईल असं काहीतरी असावं लागतं.

आढाव्याच्या बैठकीत मी आणखी एक प्रश्न विचारला, "पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये ही जागा धरली आहे का?" धरलेली नव्हती. बजेट अजून गोठलं नव्हतं, म्हणून सरांना ती घालता आली. कमिटीत परचेसच्या प्रमुखांनी माझ्या नावाला स्वतःहून पाठिंबा दिला, असं सरांनी नंतर सांगितलं. नवीन वर्षाच्या पत्रात पद बदललेलं होतं.