भाषणाची तयारी: पहिल्या मिनिटातली चुंबळ शेवटच्या वाक्यात

सध्या १९७२ च्या दुष्काळावरचं सात मिनिटांचं भाषण बसवतोय. रोजगार हमीची कामं, खडी फोडणं, सुकडी, पाझर तलाव हे सगळं त्यात आहेच. या खेपेला सगळा जोर एका गोष्टीवर दिला: सुरुवातीला दाखवलेली वस्तू शेवटी परत कशी आणायची.

आधी घमेलं निवडलं होतं. पण घमेल्यात माती, शेवटीही मातीच. पुढे सरकायला जागा नाही. मग चुंबळ सापडली. जुन्या लुगड्याचा पिळा, डोक्यावर ठेवायचा, वर भार कुठलाही असो. शेवटी चुंबळ तीच ठेवून भार बदलता येतो, म्हणून ती कामाची.

पहिल्या मिनिटात एवढंच म्हणतो: "लुगड्याच्या काठाची चुंबळ. मधोमध घामाने काळी पडलेली. तिच्यावर मातीचं घमेलं." ती कष्टाचं प्रतीक वगैरे आहे हे सांगत नाही. तिथेच अर्थ सांगितला तर श्रोता वस्तू सोडून देतो आणि फक्त अर्थ घेऊन बसतो.

मध्ये साधारण चौथ्या मिनिटाला, जेवणाच्या सुट्टीत, ती चुंबळ उशाला येते. एकच वाक्य, थांबायचं नाही. हे वाक्य गाळून एका मित्राला भाषण ऐकवलं, तर शेवटी "कुठली चुंबळ?" असा चेहरा झाला. उलट दोन-तीनदा आणली की लोक शेवट आधीच ओळखतात आणि माना डोलवायला लागतात. सात मिनिटांना मधला एक स्पर्श पुरतो.

परतीचा प्रवास पाझर तलावातून होतो. तलावात पाणी मुरतं, खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर वाढतो. म्हणून शेवट असा: "काही वर्षांनी त्याच काठाची चुंबळ, मधोमध तशीच काळी. वर पाण्याचा हंडा." 'काठ' आणि 'काळी' हे शब्द मुद्दाम तेच ठेवले; ओळख पटते ती शब्दांमुळे. बदल फक्त भाराचा. त्यापुढे "म्हणून मित्रहो" आलं की सगळं सांडलं.

नारदीय कीर्तनात हीच रीत आहे. पूर्वरंगाचा मूळ अभंग, उत्तररंगात आख्यान, आणि अखेरीस बुवा पुन्हा मूळ पदावर. तेव्हा अभंगाचा शब्दही बदलत नाही, पण मधलं आख्यान ऐकून झालेलं असतं, त्यामुळे तो वेगळाच ऐकू येतो. आख्यान कच्चं असेल तर ते पद नुसती पुनरुक्ती वाटते. माझ्या भाषणातही हंड्याचा भरवसा तलावाच्या परिच्छेदावरच आहे.

वेळेचं गणित: पिवळा दिवा सहाव्या मिनिटाला लागतो. तो दिसला की कुठेही असलो तरी विहिरीवर यायचं, असं पक्कं केलंय. प्रश्नोत्तरं असतील तर शेवटची तीन वाक्यं त्यांच्यानंतर ठेवणार. तो प्रयोग अजून बाकी आहे. कोणी केला असेल तर मध्ये किती वेळ गेला आणि श्रोत्यांना वस्तू आठवली का, ते जरूर सांगा.