नऊ-वीस झाले, पण दार उघडलं नाही

७ एप्रिल २०२५, सोमवार. शुक्रवारी रात्री अमेरिकेचा बाजार जवळजवळ सहा टक्के पडून बंद झाला होता. सकाळी आठला ऑफिसात शिरलो तेव्हा टोकियो आणि हाँगकाँग दोन्ही धडाधड कोसळत होते. रिस्क सांभाळणाऱ्या ताई माझ्या आधीच येऊन बसल्या होत्या. मी बॅग ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, "आज रूटीन चालू ठेवायचा का?"

आम्ही पुण्यात चार जण एक छोटा ट्रेडिंग डेस्क चालवतो. पायथॉनमध्ये लिहिलेला जो रूटीन रोज आपोआप सौदे करतो, तो माझ्याकडे असतो. काम सरळ आहे: निफ्टीच्या चालू भावाला सगळ्यात जवळचा स्ट्राइक, म्हणजे एटीएम, शोधायचा, त्याचे कॉल आणि पुट हे दोन्ही ऑप्शन विकायचे आणि प्रत्येक लेगला २५ टक्क्यांचा स्टॉपलॉस लावायचा. विकण्याआधी दूरचे दोन हेज घ्यायचे, म्हणून दिवसाची पहिली ऑर्डर खरेदीची असते. ती ९:२०च्या आधी जात नाही. हा धंदा करणाऱ्या बऱ्याच जणांचे रूटीन याच वेळेला सुटतात, 'नऊ-वीसचा स्ट्रॅडल' असं त्याचं नावच पडलंय.

बाजार ९:१५ला उघडल्यावरही ही पाच मिनिटं थांबायचं कारण समजून घ्यायला प्रीओपनपासून सुरुवात करावी लागते. निफ्टीतल्या शेअरचे सुरुवातीचे भाव ९ ते ९:१५च्या प्रीओपनमध्ये ठरतात. सगळ्या ऑर्डर एकत्र जमा होतात, मग एकच भाव निघतो, त्यामुळे निर्देशांकाचा आकडा ९:१५च्या आधीच दिसतो. ऑप्शनला ही सोय नाही. ते ९:१५ला थंडे उघडतात. ज्यांचं काम सतत खरेदी-विक्रीचे भाव लावून ठेवायचं, त्या मार्केट मेकरनाही पहिली काही मिनिटं आपला अंदाज पक्का करायला लागतात. तोवर ते बिड, म्हणजे घ्यायचा भाव, खूप खाली आणि आस्क, म्हणजे विकायचा भाव, खूप वर ठेवून बसतात.

त्या दिवशी प्रीओपनमध्ये निफ्टी २१,७५८.४० दाखवत होता. शुक्रवारचा बंद २२,९०४.४५ होता. म्हणजे एटीएम स्ट्राइक २१,७५०, आणि शुक्रवारी ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं असा तो स्ट्राइक. त्याच्या कॉलचा शेवटचा सौदा, एलटीपी, शुक्रवारचाच होता, अकराशेच्या वरचा. ९:१५ वाजले तरी काही क्षण स्क्रीनवर तोच आकडा दिसत राहिला. कारण एलटीपी हा झालेल्या सौद्याचा भाव असतो, आत्ता मिळणारा भाव नव्हे. एलटीपीवर विसंबणारा रूटीन त्या क्षणी सुटला असता तर अडीचशेच्या आसपासचा कॉल त्याला अकराशेचा वाटला असता, आणि स्टॉपलॉसही त्याच हिशोबाने चौदाशेच्या घरात लागला असता. म्हणजे लागलाच नसता म्हणायला हरकत नाही.

ही भीती ऐकीव नव्हती. त्याआधी एकदा आमच्या सर्व्हरचं घड्याळ साडेपाच मिनिटं पुढे गेलं होतं आणि मला पत्ता नव्हता. रूटीनने आपल्या घड्याळात ९:२० पाहिले, आणि बाजार उघडताक्षणी कॉल १४२ला विकला. स्टॉपलॉसचा ट्रिगर १७७.५०, लिमिट १८२. ऑप्शनमध्ये स्टॉपलॉस-मार्केट ऑर्डर एनएसईने २०२१ सालीच बंद केली आहे, त्यामुळे लिमिट द्यावीच लागते. भाव १७८ला आला, ट्रिगर झाला, आणि पुढचा सौदा थेट १९१ला पडला. आमची ऑर्डर १८२वर उभीच्या उभी. हाताने रद्द करून बाहेर पडलो तेव्हा २१४ लागले. त्या संध्याकाळी मी घड्याळाच्या अटीला आणखी दोन अटी जोडल्या. आजही दार त्यांच्यावरच उघडतं:

```python
def gate_open(now, ce, pe):
    if now.time() < time(9, 20):
        return False
    for q in (ce, pe):
        age = (now - q["exchange_timestamp"]).total_seconds()
        if abs(age) > 2:
            return False
        bid = q["depth"]["buy"][0]["price"]
        ask = q["depth"]["sell"][0]["price"]
        if bid <= 0 or ask <= 0 or (ask - bid) / bid > 0.01:
            return False
    return True
```

हे उत्तर सलग ६० सेकंद `True` आलं तरच पहिली ऑर्डर जाते. मध्ये एकदा जरी `False` आलं तरी मोजणी शून्यावरून. यात एलटीपी कुठेच नाही, हे मुद्दाम. आणि `abs` आहे तो घड्याळासाठी: आमचं घड्याळ पुढे पळो की मागे पडो, एक्स्चेंजच्या वेळेशी दोन सेकंदांहून जास्त फरक पडला की दार बंद.

सोमवारी ९:१६ला मी २१,७५० कॉलची डेप्थ उघडली. बिड २३१.००, आस्क २६८.५०. एरवी या फरकात रुपया-दोन रुपयेही नसतात. आता हिशोब बघा. या क्षणी विकलं तर २३१ मिळणार, २५ टक्क्यांचा स्टॉपलॉस २८८.७५ला लागणार. पण परत घ्यायचं म्हटलं तर आत्ताच २६८.५० मोजावे लागताहेत. म्हणजे बाजार तसूभरही हलला नाही तरी स्टॉपलॉसपर्यंतचं निम्म्याहून जास्त अंतर आपण ऑर्डर टाकतानाच खाऊन बसलो. उरले वीस रुपये, आणि अशा सकाळी वीस रुपये म्हणजे एक श्वास. लोक म्हणतात सुरुवातीला बाजार उड्या मारतो म्हणून थांबावं. माझ्या मते उडीपेक्षा ही दरी जास्त घातक, कारण तिचं नुकसान नक्की असतं.

९:२० वाजले. कॉल २४६.०० बिड, २५५.८० आस्क, जवळपास चार टक्के. दार बंद. आमच्या डेस्कचे सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते.

"प्रीमियम वितळायला लागलंय. आज विकणाऱ्याला सोनं आहे, आणि आपण बघत बसलोय. हाताने टाकूया का?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. भीती जशी ओसरते तसं प्रीमियम झपाट्याने उतरतं, आणि उघडल्या उघडल्या ते सगळ्यात फुगलेलं असतं. त्यातच गुरुवारी महावीर जयंतीची सुट्टी असल्याने एक्स्पायरी बुधवारवर आलेली.

"सर, हे प्रीमियम स्क्रीनवर आहे, हातात नाही," मी म्हटलं. "मधला भाव दोनशे एक्कावन्न दिसतोय, पण विकायला गेलो तर दोनशे सेहेचाळीस मिळतात आणि परत घ्यायला दोनशे छप्पन्न लागतात."

ताई म्हणाल्या, "अट बदलायची असेल तर बाजार बंद असताना बदला. आत्ता नाही." सर काही बोलले नाहीत, पण जागेवरून हललेही नाहीत.

९:२४ला लॉगमध्ये मला जे दिसलं ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. दोन्ही लेगचा फरक अर्ध्या टक्क्यावर आला होता. नुसती फरकाची अट असती तर ६० सेकंदांची मोजणी सुरू झाली असती. पण रूटीन `False`च म्हणत होता. मी टिकचं, म्हणजे फीडमधून आलेल्या ताज्या भावाचं, वय बघितलं: चार सेकंद, मग सहा, मग नऊ. भाव येत होते, आकडे बदलत होते, स्क्रीन जिवंत वाटत होता, पण ते सगळे शिळे होते. सगळा देश एकाच वेळी बाजाराकडे डोळे लावून बसला की ब्रोकरकडून येणाऱ्या फीडला रांग लागते आणि प्रत्येक भाव आपली पाळी आल्यावर पोचतो. हे नुसतं बघून ओळखता येत नाही. आकडे गोठले तर कोणालाही संशय येतो, पण उशिरा येणारे आकडे तितक्याच लगबगीने हलत असतात. प्रत्येक टिकसोबत येणारी `exchange_timestamp` आपल्या घड्याळाशी ताडली तरच चोरी पकडता येते. दुसऱ्या ब्रोकरच्या टर्मिनलवर ताईंनी तोच कॉल काढला. तिथे फरक तेव्हाही अडीच टक्के होता.

सर वाकून दोन्ही स्क्रीन आळीपाळीने बघत होते. मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले.

त्यानंतरची बारा मिनिटं आम्ही फक्त बघत होतो. निर्देशांक खालून वर यायला लागला होता, एटीएम वरच्या स्ट्राइककडे सरकत होता, आणि स्ट्राइक बदलला की मोजणी पुन्हा शून्यावर. दोनदा ती चाळिसाच्या पुढे जाऊन तुटली. टिकचं वय ९:३१च्या सुमारास एका सेकंदावर आलं. ९:३६ला फरक एक टक्क्याच्या आत टिकायला लागला. सर हळू आवाजात सेकंद मोजत होते. ९:३७ला पहिली ऑर्डर गेली, हेजचा पुट. चार सेकंदांत चारही लेग भरले, आणि प्रत्येक भाव मागितलेल्या भावाच्या रुपयाभरातच होता.

निफ्टी त्या दिवशी २२,१६१.६० वर बंद झाला. दिवसाचा नीचांक होता २१,७४३.६५, म्हणजे उघडला त्याच्या जेमतेम पंधरा पॉइंट खाली. संध्याकाळी साठवलेल्या टिकवर मी ९:२०चा सौदा कागदावर चालवून बघितला. विकताना बिड, घेताना आस्क धरला. २१,७५०चा कॉल चढत्या बाजारात स्टॉपलॉसवर उडाला, आणि उडाला तो दरी अजून रुंद असतानाच, म्हणून लिमिटच्या पलीकडे. आमचा ९:३७चा कॉलही पुढे स्टॉपलॉसवर गेला, हेही लिहायला हवं. फक्त तो ठरवलेल्या भावाला गेला.

थांबण्याची किंमतही मोजली, कारण सरांचा प्रश्न रास्त होता. ९:२०ला दोन्ही लेग मिळून ४९७ रुपये मिळत होते, ९:३७ला ४६२. पस्तीस रुपयांचा फरक, ७५च्या लॉटला २,६२५ रुपये. उघडताच सगळं शांत झालं असतं आणि बाजार तिथेच रेंगाळला असता, तर हे पैसे आम्ही गमावले असते. मी तो आकडा वहीत वेगळ्या रकान्यात लिहिला आणि वही सरांना दाखवली.

त्यांनी ती बराच वेळ हातात धरली. मग म्हणाले, "हा रकाना रोज भर. सहा महिने भर. मग एक टक्का बरोबर की दोन, ते बसून ठरवू."

मंगळवारी बाजार वर उघडला. नऊ-वीसला सर आले ते थेट माझ्या स्क्रीनपाशी, आणि पहिला प्रश्न भावाचा नव्हता. "टिकचं वय किती आहे?"

एक सेकंद होतं. दार ९:२३ला उघडलं.