सॅच्युरेशन ९८, तरी किडनी म्हणते ऑक्सिजन कमी

वाशीच्या ओपीडीत आलेल्या त्या पेशंटच्या फाईलमध्ये पहिलाच कागद हिमोग्लोबिन १८.८ चा होता. वय ४४, तुर्भ्याच्या एका हॉटेलात तंदूरवर काम, सिगारेट-तंबाखू काही नाही. दुसरीकडे त्याला ‘रक्त घट्ट झालंय’ असं सांगून चार महिन्यांत तीन वेळा ३५० मिली रक्त काढलं होतं. प्रत्येक वेळी आकडा खाली यायचा आणि पाच-सहा आठवड्यांत परत वर चढायचा. माझ्यासमोर आला तेव्हा हिमोग्लोबिन १७.९, हिमॅटोक्रिट ५५ आणि फेरिटिन फक्त ११. पेशी आकाराने लहान झाल्या होत्या, एमसीव्ही ७६. म्हणजे शरीरातलं लोह संपत आलं होतं, तरी कारखाना जोरात सुरूच होता.

बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८ टक्के. तो म्हणाला, “डॉक्टर, सगळीकडे एवढंच येतं. ऑक्सिजन भरपूर आहे म्हणतात.”

अशा पेशंटमध्ये पहिला प्रश्न एकच असतो: हाडांतली मज्जा स्वतःच्या मनाने लाल पेशी बनवतेय, की कुणाच्या हुकमावर? हुकूम देणारं संप्रेरक म्हणजे एरिथ्रोपोएटिन, आम्ही बोलताना ईपीओच म्हणतो. प्रौढ माणसात ते बहुतांश किडनीत तयार होतं, नलिकांच्या आजूबाजूच्या पेशींत. तिथे एचआयएफ नावाचं प्रथिन सतत बनत असतं आणि पुरेसा ऑक्सिजन असेल तर काही मिनिटांत नष्टही होतं, कारण त्याच्यावर ‘मोडीत काढा’ असा शिक्का मारणाऱ्या एन्झाइमला स्वतःलाच ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन कमी पडला की शिक्का बसत नाही. एचआयएफ टिकतं आणि ईपीओचं जनुक चालू करतं. ईपीओ रक्तातून मज्जेत पोचतं आणि तिथल्या ज्या कोवळ्या पेशी एरवी मरून गेल्या असत्या त्यांना जगवतं. लाल पेशी वाढल्या, ऑक्सिजन पुरेसा पोचला की एचआयएफ पुन्हा मोडीत आणि ईपीओ खाली.

हे काम किडनीकडेच का, यालाही कारण आहे. किडनीत रक्त कमी आलं तर गाळणं कमी होतं, मग सोडियम परत शोषण्याची मेहनतही कमी होते आणि ऑक्सिजनचा खर्च आपोआप घटतो. त्यामुळे रक्तप्रवाहाच्या चढउताराने तिथला ऑक्सिजन फारसा हलत नाही. रक्त किती ऑक्सिजन वाहून आणतंय आणि किती सोडतंय, हे मात्र तिला बरोबर कळतं.

मज्जा स्वतःच्या मनाने पेशी बनवते तो आजार म्हणजे पॉलिसायथेमिया व्हेरा. त्यात जॅक-टू जनुकातल्या बदलामुळे मज्जेला ईपीओ आल्यासारखंच कायम वाटत राहतं. पेशी भरमसाट होतात आणि किडनी ईपीओ जवळपास बंद करते. या पेशंटची जॅक-टू तपासणी, एक्झॉन १२ सकट, निगेटिव्ह आली. ईपीओ ३१ आला. त्या लॅबची मर्यादा साधारण ४ ते २४.

इथे एक गोची होती. तिसऱ्यांदा रक्त काढून सहाच आठवडे झाले होते. रक्त काढलं की किडनीच्या दृष्टीने तो रक्तस्रावच, ती ईपीओ वाढवणारच. म्हणून ही तपासणी पहिल्यांदा रक्त काढण्याआधी करायची असते, आणि नेमकी तीच कुणी केली नव्हती. उलटी चूकही तितकीच होते: जुनाट ऑक्सिजन टंचाईत पेशी पुरेशा वाढल्या की ईपीओ नॉर्मलला येऊन बसतो आणि ‘ईपीओ नॉर्मल, म्हणजे टंचाई नाही’ असं लिहून फाईल बंद होते. खरं तर एवढं हिमोग्लोबिन असताना ईपीओ तळाला हवा. नॉर्मल आकडासुद्धा तिथे जास्तच समजायचा.

सोनोग्राफीत किडनी, यकृत स्वच्छ होतं. छातीचा एक्स-रे, इको ठीक. घोरणं नाही, दिवसा झोप नाही. मग बायको सहज बोलून गेली: “संध्याकाळी कामावर गेले की डोकं धरतं यांचं. सोमवारी सुट्टी असते, त्या दिवशी काही नाही.”

तंदूर, कोळसा, बंद किचन. कार्बन मोनॉक्साइडचा विचार खरं तर आधीच यायला हवा होता. साधा पल्स ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनवालंच समजतो, म्हणून ९८ दिसतं. ब्लड गॅसच्या बऱ्याच मशीन सॅच्युरेशन मोजत नाहीत, ऑक्सिजनच्या दाबावरून हिशेबाने काढतात. तो दाब यात नॉर्मलच असतो, म्हणून तो रिपोर्टही चांगला येतो. असं चिकटलेलं हिमोग्लोबिन, म्हणजे कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, मोजायला को-ऑक्सिमीटर असलेलीच मशीन लागते. नमुना शिरेतला असला तरी चालतो.

पहिला नमुना ओपीडीत सकाळी साडेअकराला घेतला. २.६ टक्के. न ओढणाऱ्या माणसाला जरा जास्त, पण निदान करावं इतका नाही. मी तो बाजूलाच ठेवणार होतो. मग विचारलं, काल सुटलास कधी? रात्री साडेबाराला. मोकळ्या हवेत कार्बॉक्सिहिमोग्लोबिन साधारण चार ते सहा तासांत निम्मं होतं, म्हणजे अकरा तासांत दोनदा तरी निम्मं झालेलं. त्याला सांगितलं, ड्युटी संपली की घरी न जाता रिक्षा करून थेट कॅज्युअल्टीत ये. त्या रात्री एक वाजता आकडा आला ११ टक्के.

आता १७.९ मधून ११ टक्के वजा करा. कामाचं हिमोग्लोबिन उरतं सुमारे १५.९, कुठल्याही धडधाकट पुरुषाचं असतं तेवढंच. वर कार्बन मोनॉक्साइडमुळे उरलेलं हिमोग्लोबिनही ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, सोडायला कुरकुर करतं. किडनीचा हिशेब चोख होता. आपण रक्त काढत होतो आणि ती भरून काढत होती. ३५० मिलीमागे त्याचं सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह मात्र जात होतं.

हॉटेलातलं कारण अगदी साधं निघालं. तंदूरवरच्या एक्झॉस्टचा पट्टा तुटलेला, डक्टमध्ये चिकट काजळी, आणि एसीची हवा जाऊ नये म्हणून बाहेरची हवा आत येण्याची जाळी प्लायवूडने बंद. पट्टा बदलला, डक्ट साफ झाला, प्लायवूड निघालं, तंदूरजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसला. जाळी मुद्दाम लिहितोय. आत यायला हवाच नसेल तर नुसता पंखा जोरात फिरवून धूर बाहेर जात नाही.

रक्त काढणं थांबवलं. लोहाच्या गोळ्याही दिल्या नाहीत. कार्बन मोनॉक्साइड असताना लोह दिलं असतं तर हिमोग्लोबिन आणखी उसळलं असतं, आणि कार्बन मोनॉक्साइड गेल्यावर गोळ्यांची गरजच उरणार नव्हती. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे आकडा लगेच पडत नाही, हे त्याला दोनदा समजवावं लागलं. तीन आठवड्यांनी हिमोग्लोबिन १७.१ होतं आणि तो घाबरून रक्त काढायलाच आला होता. बारा आठवड्यांनी १५.१, ईपीओ ८, ड्युटीनंतरचा नमुना १.५ टक्के. फेरिटिन गोळीशिवाय ४० वर गेलं होतं, मेलेल्या जादा पेशींमधलं लोह साठ्यात परतलं होतं.

एक्झॉस्ट दुरुस्त होण्याआधी त्याच तंदूरवरच्या हेल्पर पोराचाही रात्रीचा नमुना घेतला होता. ८ टक्के. नोकरीला लागून जेमतेम तीन आठवडे झालेले, हिमोग्लोबिन १५.२. त्याच्या किडनीने हुकूम नुकताच सोडला असणार, रिपोर्टमध्ये तो अजून दिसत नव्हता.