गणिताच्या बाई, दोन मथळे आणि एक फेसबुक जाहिरात

मी आणि माझी वहिनी नाशिकच्या इंदिरानगर भागात सातवी ते दहावीच्या मुलांना घरी जाऊन गणित शिकवतो. आतापर्यंत सगळी मुलं ओळखीतून आली. यंदा पहिल्या घटक चाचणीचे गुण हातात पडले, पालकांची चुळबूळ सुरू झाली, तेव्हा फेसबुकवर पैसे भरून जाहिरात द्यायचं ठरलं. वहिनीनं तिथल्या तिथे मजकूर सांगायला सुरुवात केली, “आपल्या पाल्याच्या उज्ज्वल भविष्यासाठी अनुभवी शिक्षकांकडून...” मी म्हटलं, हे वाक्य आपल्या चौकातल्या तीन फलकांवर आधीच आहे.

मजकुरासाठी मी आमची फोनची वही काढली. चौकशीचा फोन आला की कोण, कुठली इयत्ता, काय विचारलं हे आम्ही त्यात टिपतो. फी सगळेच विचारतात, ती बाजूला ठेवली. उरलेल्या प्रश्नांचे सरळ दोन गठ्ठे पडले. एका गठ्ठ्यात येण्याजाण्याचा आणि काळजीचा विषय होता: “तुम्हीच घरी येता ना?”, “बाईच येणार ना, सर नाही ना?”, “रात्री मुलीला एकटीला पाठवायचं नाही.” दुसऱ्यात अभ्यासाचा: “क्लास लावलाय, पण त्याला विचारायला लाज वाटते”, “सेमीला आहे, आम्हाला घरी सांगता येत नाही”, “मागचंच कच्चं राहिलंय.” म्हणजे लोक आमच्याकडे दोन निरनिराळ्या कारणांनी येतात. जाहिरातीसुद्धा या दोन कारणांच्याच करायच्या ठरल्या. एकाच कारणाची दोन वाक्यं लिहून, “उत्तम शिकवणी” आणि “दर्जेदार शिकवणी” अशी झुंज लावली असती, तर जिंकलं कोणीही तरी आम्हाला काही कळलं नसतं.

फेसबुकच्या जाहिरातीत मजकुराच्या मुख्य जागा दोन. चित्राच्या वर येतो तो प्रायमरी टेक्स्ट आणि चित्राखाली ठळक अक्षरात येते ती हेडलाइन. वरचा मजकूर कितीही लिहा, मोबाईलवर साधारण सव्वाशे अक्षरांनंतर तो घडी होतो आणि पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. ते बोट फार थोडे जण लावतात. म्हणून कारण पहिल्या दोन वाक्यांतच संपवायचं आणि तपशील घडीखाली ढकलायचा. हेडलाइन चाळीस अक्षरांच्या आत बसली तर बरी, नाहीतर ती मध्येच तुटते.

पहिल्या जाहिरातीची हेडलाइन ठेवली: “गणिताच्या बाई घरी येतील.” वरचा मजकूर असा:

“शाळा सुटते, क्लास सुटतो, घरी यायला आठ वाजतात. गणितासाठी पुन्हा बाहेर कशाला? बाई तुमच्या घरी येतील. आठवड्यातून तीन दिवस, दीड तास, तुमच्या डोळ्यांसमोर हॉलमध्ये बसून शिकवणार.”

दुसरीची हेडलाइन: “जिथं अडलं, तिथून सुरू करू.” आणि मजकूर:

“वर्गात साठ मुलं. ‘मला कळलं नाही’ म्हणून हात वर करायला कोण धजतं? आमच्या तासाला एकच मूल असतं. पहिल्या दिवशी मागच्या दोन इयत्तांची थोडी उदाहरणं सोडवायला देतो. जिथं पेन थांबतं, तिथून शिकवायला घेतो.”

दोन्हींच्या शेवटी तंतोतंत सारखं शेपूट: “सातवी ते दहावी, राज्य मंडळ, मराठी आणि सेमी. इंदिरानगर, राणेनगर, पाथर्डी फाटा. महिना ₹३,५०० पासून. पहिला तास मोफत.” फी लिहायला वहिनीचा विरोध होता. तिचं म्हणणं, आकडा बघून लोक पळतात. पळणारे जाहिरातीतच पळाले तर आपला फोन वाचतो, असं मी म्हटलं आणि आकडा राहिला. भागांची नावं लिहिणं तर भागच होतं. नकाशावर पिन टाकून तीन किलोमीटरचं वर्तुळ आखलं, तरी फेसबुक तिथे राहणाऱ्यांबरोबर नुकतंच तिथून गेलेल्यांनाही जाहिरात दाखवतं, आणि आमच्या शेजारून मुंबई-आग्रा महामार्ग जातो.

काही वाक्यं आम्ही लिहून खोडली. “दहावीत ९० टक्क्यांची हमी” हे त्यातलं पहिलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात यशाची हमी देणारे दावे नकोत असं आहे. ती पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत, आम्ही त्यात बसत नाही; पण दीड तासात आम्ही कशाची हमी देणार? दुसरं वाक्य होतं, “तुमचं मूल एका जागी बसत नाही? एकाग्रतेचा आजार तर नाही ना?” वाचणाऱ्याच्या घरातल्या आजाराबद्दल आपल्याला माहीत आहे असं सुचवणारा मजकूर फेसबुक नाकारतं. आणि नाकारलं नसतं, तरी असली जाहिरात कुठली आई चारचौघांत उघडेल?

आता खरी कटकट. फेसबुकवर जाहिराती लावायचं पान म्हणजे अ‍ॅड्स मॅनेजर. ते एकाच जाहिरातीत पाच हेडलाइनी आणि पाच मजकूर भरू देतं आणि मग स्वतःच त्यांच्या जोड्या लावून दाखवतं. हे सोयीचं वाटतं, पण आमच्या कामाचं नव्हतं. “शाळा सुटते, क्लास सुटतो” या मजकुराखाली “जिथं अडलं, तिथून सुरू करू” आलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की बस अडली. हेडलाइन आणि मजकूर ही जोडी आहे, ती फुटता कामा नये. म्हणून दोन स्वतंत्र जाहिराती केल्या आणि प्रत्येकीत मजकुराचे आपोआप होणारे फेरफार बंद केले. ती सोय चालू राहिली, तर काही जणांना हेडलाइन वर आणि मजकूर खाली अशी अदलाबदलही दिसू शकते.

दोन्ही जाहिराती एकाच अ‍ॅड सेटमध्ये, म्हणजे एकाच प्रेक्षकवर्गाच्या गटात, ठेवूनही भागलं नसतं. तिथे पहिल्या काही तासांत जिला जरा जास्त प्रतिसाद मिळतो, तिच्याकडेच यंत्रणा पैसा वळवते आणि दुसरीला दिसायची संधीच मिळत नाही. त्यासाठी ए/बी टेस्टची वेगळी सोय आहे. तीत लोकांचे दोन भाग होतात, एका माणसाला एकच जाहिरात दिसते आणि पैसे समान वाटले जातात. चित्र दोन्हीकडे एकच ठेवलं: वहीच्या पानावर अर्धवट काढलेलं वर्तुळ आणि कंपास. बटण एकच, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठवायचं. हेडलाइन आणि मजकूर दोन्ही एकदम बदलल्यामुळे विजय नेमका कुणाचा हे कळणार नाही, हे मान्य होतं. आम्हाला कारण तपासायचं होतं, शब्द नव्हे.

कोणता निरोप कुठल्या जाहिरातीवरून आला हे कळण्यासाठी एक साधी युक्ती केली. बटण दाबल्यावर जो तयार निरोप उघडतो, तो एकीत “नमस्कार, शिकवणीबद्दल विचारायचं आहे” आणि दुसरीत “नमस्कार, शिकवणीची चौकशी करायची आहे” असा ठेवला. पालकांना फरक जाणवत नाही, आम्हाला पहिल्या ओळीतच जाहिरात ओळखू येते.

रोजचे ₹६०० ठरवून आठवडाभर चालवलं. ₹४,२०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ₹४,९५६. घरी येणाऱ्या बाईंना ४१ निरोप आले, अडलं-तिथूनला २४. जीएसटी सोडून धरलं तर पहिलीचा एक निरोप ₹५१ ला पडला, दुसरीचा ₹८८ ला. फेसबुकनं पहिली जिंकली असं दाखवलं, आणि निरोपांपुरतं ते खरंच होतं. ६५ वेळा नाणं उडवलं तर इतका एकतर्फी निकाल शंभरात पाचेक वेळाच येईल.

वहिनी म्हणाली, “ताई, मग दुसरी बंदच करूया ना?”

मी वही पुढे केली. फेसबुक निरोप मोजतं. आम्हाला मोजायचे होते प्रत्यक्ष ठरलेले पहिले तास. ते पहिलीचे ९ आणि दुसरीचे ११. यावरून दुसरी जिंकली असंही म्हणता येत नाही. २० वेळा नाणं उडवा, निदान ११-९ इतका फरक दहातल्या आठ वेळा पडतोच. म्हणजे आमच्या खऱ्या कामाच्या मोजपट्टीवर दोघी बरोबरीत होत्या. फरक इतकाच की पहिलीच्या नऊ तासांसाठी आम्ही ४१ जणांशी बोललो आणि दुसरीच्या अकरांसाठी चोवीस जणांशी.

तेव्हा पहिलीचे निरोप एकेक करून पुन्हा वाचले. न ठरलेल्या बत्तीसांत मोठा वाटा पहिली ते चौथीच्या पालकांचा निघाला. त्यांना सगळे विषय घेणारी, गृहपाठ करून घेणारी बाई हवी होती. हेडलाइनमध्ये इयत्ताच नव्हती आणि “सातवी ते दहावी” हे घडीखाली दडलेलं. पण मुलींच्या आयांचे निरोप बघण्यासारखे होते. “बाईच ना?” एवढंच विचारून दोन ओळींत त्यांनी तास ठरवले, शिकवण्याची पद्धत कुणी विचारलीच नाही. ही मंडळी दुसऱ्या जाहिरातीकडे जवळजवळ फिरकली नव्हती. दुसरीकडे आले ते बहुतेक नववी-दहावीचे, क्लास आधीच लावलेले, आणि त्यांच्याशी बोलणं भूमितीच्या पेपरात चाळीसपैकी किती पडले इथूनच सुरू होई.

त्यामुळे दोन्ही कारणं ठेवली. पहिलीची हेडलाइन आता “नववी-दहावीचं गणित, बाई घरी येतील” अशी आहे आणि मजकुराच्या पहिल्याच वाक्यात “तुमच्या मुलीला” आलं आहे. दुसरी होती तशीच आहे. पुढची फेरी प्रथम सत्र परीक्षेचे पेपर घरी आले की लावायची, आणि या वेळी फेसबुकचा निकाल बघायच्या आधी वही बघायची असं वहिनीनं स्वतःच ठरवलंय. फी मात्र तिला अजूनही काढून टाकायची आहे. त्याची वेगळी झुंज लावू, असं सांगून मी तूर्त वेळ मारून नेली आहे.